अपघाताचा क्लेम ऑनलाइन भरताना: तारीख, ठिकाण, वर्णन, फोटो आणि पोलीस नोंद

गॅरेजच्या इन्शुरन्स टेबलावर बसून गाडीमालकांचे क्लेम भरून देणं हे माझं रोजचं काम. अडकलेले क्लेम पाहिले तर त्यातल्या फार थोड्यांत मालकाने मुद्दाम खोटं सांगितलेलं असतं. बहुतेकांत फॉर्ममध्ये एक लिहिलेलं असतं, पोलिसांच्या नोंदीत दुसरं आणि फोटोत तिसरंच दिसतं. सर्व्हेयर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस, हे तिन्ही शेजारी ठेवून वाचतो. त्यांचा मेळ बसला नाही की खुलासा मागवला जातो आणि गाडी रॅम्पवर पडून राहते.

हा लेख स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या क्लेमपुरता, म्हणजे ‘ओन डॅमेज’पुरता आहे. तुमच्या पॉलिसीत हा भाग आहे ना, ते आधी पाहा. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीचे पैसे मिळत नाहीत. दुसऱ्याच्या गाडीमुळे कोणी जखमी झालं असेल, तर त्याची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागायची असते. तो रस्ता वेगळा.

समजण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. शनिवार, १४ जून २०२५ च्या रात्री एक कुटुंब साताऱ्याहून पुण्याला निघालं. शिरवळजवळ, नीरा नदीच्या पुलाच्या अलीकडे, मागचा दिवा नसलेली मोटरसायकल अचानक समोर दिसली. चालकाने गाडी डावीकडे घेतली आणि ती रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यावर घासत गेली. घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. कोणाला लागलं नाही, मोटरसायकलवाला न थांबता निघून गेला.

## टप्पा १: गाडी हलवण्यापूर्वी

माणसं सुरक्षित जागी गेली, इंडिकेटर चालू केले, कोणाला लागलं असल्यास ११२ ला फोन झाला, की मग फोन कॅमेऱ्यासाठी बाहेर काढा. आधी लांबून दोन-तीन फोटो घ्या, ज्यात रस्ता, गाडी आणि गाडी जिथे धडकली ती वस्तू एकत्र दिसेल. आपल्या उदाहरणात कठड्यावर गाडीचा रंग लागलेला फोटो सगळ्यात मोलाचा, कारण डाव्या बाजूचा ओरखडा कशाने आला हे तोच सांगतो. नेमका हाच फोटो लोक घेत नाहीत. चेपलेल्या बंपरचे वीस क्लोजअप असतात, जागेचा एकही नसतो.

मग गाडीच्या चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो, नंबरप्लेट आणि नुकसान एकाच चौकटीत येईल असा एक आणि मग जवळून. इग्निशन चालू करून किलोमीटरच्या आकड्याचा फोटो घ्या, पण इंजिन सुरू करू नका. गाडीवर आधीचा पोचा असेल तर त्याचाही फोटो काढा. लपवलेला जुना पोचा सर्व्हेयरला दिसला की नव्यावरही शंका येते.

इशारा: खाली हिरवं किंवा लालसर पाणी टपकत असेल तर रेडिएटर फुटला असण्याची शक्यता आहे. ‘पुणं जवळच आहे’ म्हणून गाडी चालवत नेली आणि इंजिन तापून बसलं, तर ते नुकसान अपघाताचं धरलं जात नाही. दुरुस्तीआधी गाडी चालवल्याने वाढलेलं नुकसान मालकाच्या जबाबदारीवर, अशी अटच पॉलिसीत असते. पावसाच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचं तेच: किल्ली फिरवायची नाही. क्रेन बोलवा आणि पावती जपून ठेवा.

दुसऱ्या गाडीवाल्याशी वाद झाला, तर त्याचा नंबर, नाव आणि गाडीचा फोटो घ्या. पण ‘चूक माझीच, पैसे देतो’ असं बोलू नका, लिहूनही देऊ नका. कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही आणि कोणाला पैसे द्यायचे नाहीत, हीदेखील पॉलिसीचीच अट आहे.

## टप्पा २: फॉर्म उघडण्याआधी क्लेम परवडतो का ते पाहा

क्लेम केला की एन.सी.बी., म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येते. ही सूट पहिल्या क्लेमविना वर्षानंतर २० टक्के असते आणि पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जाते.

आपल्या उदाहरणातली गाडी ३ वर्षं ४ महिन्यांची आहे, १२०० सीसीच्या आतली. गॅरेजचा अंदाज असा धरू: बंपर ६,०००, हेडलॅम्प ८,०००, बॉनेट ९,०००, फेंडर ४,०००, रंगकाम १२,०००, मजुरी ५,०००. एकूण ४४,००० रुपये. पॉलिसीवर झिरो डेप, म्हणजे भाग जुने झाल्याबद्दलचा घसारा न कापण्याची सोय, नाही. मग प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे बंपर आणि हेडलॅम्पचे मिळून ७,०००. या वयाच्या गाडीच्या पत्र्यावर २५ टक्के, म्हणजे बॉनेट-फेंडरचे ३,२५०. रंगकामाच्या बिलात मालाचा हिस्सा २५ टक्के धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात, ते १,५००. मजुरीवर घसारा नाही. वरून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपये. हाती येतात साधारण ३१,२५०. पुढच्या वर्षी मिळणारी ४५ टक्के सूट जाईल. ‘ओन डॅमेज’चा हप्ता समजा ८,००० असेल तर पहिल्याच वर्षी ३,६०० रुपये जास्त भरावे लागतील आणि नंतरची काही वर्षंही सूट खालूनच चढत जाईल. तरीही इथे क्लेम करणं योग्य. नुसत्या बंपरचा ओरखडा असता तर मी खिशातून दुरुस्त करा म्हटलं असतं.

ठरलं की उशीर करू नका. पॉलिसीत ‘तात्काळ’ कळवा असं म्हटलेलं असतं. काही कारणाने उशीर झालाच तर कारण लेखी द्या. निव्वळ उशिराच्या कारणावरून खरा क्लेम नाकारू नये, असं विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना कळवलं आहे.

## टप्पा ३: आधी कागदावर लिहा

फॉर्म थेट मोबाइलवर भरायला घेऊ नका. मध्येच ओटीपी येतो, पान बंद पडतं, आणि दुसऱ्यांदा भरताना माणूस घाईत वेगळंच लिहून बसतो. एका कागदावर ही माहिती उतरवा: घटनेची तारीख आणि वेळ, जागा, गाडी कोण चालवत होतं, गाडीत कोण होतं, काय घडलं, पोलिसांना कधी आणि कोणत्या ठाण्यात कळवलं. मग तोच कागद समोर ठेवून पोलिसांकडे बोला, तोच कागद पाहून फॉर्म भरा आणि सर्व्हेयरलाही त्याच क्रमाने सांगा.

सोबत पॉलिसी, आर.सी., अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स आणि मालकाच्या खात्याचा कॅन्सल्ड चेक एका फोल्डरमध्ये ठेवा. लायसन्सची मुदत आणि त्यावरचा वाहनवर्ग आत्ताच तपासा.

इशारा: गाडी मुलगा चालवत होता आणि त्याचं लायसन्स संपलेलं आहे, म्हणून वडिलांचं नाव टाकू नका. टोलनाक्याचा कॅमेरा, पोलीस नोंद, सोबतच्या माणसाचा जबाब, कुठेही हे उघडं पडतं. मग फक्त हा क्लेम जात नाही, चुकीची माहिती दिल्याचा ठपकाही बसतो.

## टप्पा ४: तारीख आणि वेळ

इथेच आपलं कुटुंब चुकलं असतं. बोलताना सगळेच ‘शनिवारी रात्री’ म्हणत होते. पण रात्री बारा वाजता तारीख बदलते, म्हणून ‘Date of Loss’ मध्ये १४ नव्हे, १५ जून येते. पोलिसांच्या नोंदीत वेळ २४ तासांच्या घड्याळाने ‘रात्रौ ००.२०’ अशी आणि तारीख १५ लिहिलेली असते. फॉर्ममध्ये १४ टाकली की दोन कागद दोन वेगळ्या अपघातांचे दिसू लागतात.

दुसरा सापळा AM आणि PM चा. मध्यरात्रीनंतरचे बारा वीस म्हणजे `12:20 AM`. ‘रात्र’ म्हणून PM निवडलं की ती दुपार होते आणि फोटोत मात्र काळोख असतो.

तिसरा सापळा असा की काही फॉर्म आजची तारीख आपोआप भरून ठेवतात. ती कळवण्याची तारीख असते, घटनेची नाही. आणि कॅलेंडरच्या चौकटीत दिवस आधी आहे की महिना, तेही पाहा. १५ जूनला गोंधळ होणार नाही, पण ५ जूनची ६ मे सहज होते.

तपासा: पॉलिसीच्या मुदतीची तारीख आणि तास घटनेच्या वेळेशी ताडून पाहा. १४ जूनला मध्यरात्री संपणाऱ्या पॉलिसीला ००.२० चा अपघात लागू होत नाही. तारीख मागे ओढून हे सुटत नाही, फोटोच्या फाइलमध्ये वेळ नोंदलेली असते.

## टप्पा ५: ठिकाण

‘शिरवळजवळ, पुणे-सातारा रोड’ एवढ्याने काम होत नाही. नीरा नदी इथे पुणे आणि सातारा जिल्ह्यांची हद्द आहे. पुलाच्या अलीकडे, साताऱ्याच्या बाजूला, शिरवळ पोलीस ठाणं लागतं. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि ठाणंही बदलतं. फॉर्मवर जिल्हा पुणे आणि पोलीस नोंद शिरवळची, असं झालं की खुलासा आलाच.

असं लिहा: कोणता महामार्ग, कोणत्या दिशेने जात होतात, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा ठळक खूण, गाव, तालुका, जिल्हा. आपल्या उदाहरणात: राष्ट्रीय महामार्ग ४८, साताऱ्याकडून पुण्याकडे जाणारी बाजू, नीरा नदीच्या पुलाअलीकडे, शिरवळ, तालुका खंडाळा, जिल्हा सातारा. खंडाळा म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचं खंडाळा येतं, म्हणून जिल्हा लिहायलाच हवा.

इशारा: ॲप लोकेशनची परवानगी मागतं आणि तुम्ही ‘Current Location’ दाबता. त्या वेळी तुम्ही घरी, कोथरूडला बसलेले असता. अपघात कोथरूडमध्ये झाल्याची नोंद होते! नकाशावरची खूण बोटाने ओढून खऱ्या जागी नेऊन ठेवा, किंवा पत्ता हाताने टाइप करा.

## टप्पा ६: वर्णन

हा चौकोन लोक दोन टोकांनी बिघडवतात. एक तर ‘accident zala’ एवढं लिहून मोकळे होतात, नाहीतर रस्त्यावरच्या खड्ड्यांपासून सरकारपर्यंत सगळ्यांना धारेवर धरतात. सर्व्हेयरला त्यातून एकच गोष्ट हवी असते: सांगितलेल्या घटनेतून दिसणारं नुकसान होऊ शकतं का.

म्हणून क्रम ठेवा. गाडी कुठून कुठे आणि साधारण किती वेगाने जात होती, समोर काय आलं, चालकाने काय केलं, गाडीचा कोणता भाग कशावर आदळला, कोणाला लागलं का, नंतर गाडीचं काय केलं. आपल्या उदाहरणाचा मजकूर मी असा लिहिला असता:

> ‘साताऱ्याहून पुण्याकडे डाव्या लेनमधून अंदाजे ६० च्या वेगाने जात होतो. मागचा दिवा नसलेली मोटरसायकल अचानक समोर दिसली. ब्रेक लावून गाडी डावीकडे घेतली. गाडीचा पुढचा डावा भाग रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यावर घासला. मोटरसायकलला धक्का लागला नाही, ती न थांबता गेली. तिचा नंबर दिसला नाही. गाडीतील तिघांपैकी कोणालाही इजा नाही. बंपर, डावा हेडलॅम्प, बॉनेट आणि डावा फेंडर यांचे नुकसान झाले. गाडी क्रेनने गॅरेजमध्ये नेली.’

चौकोन देवनागरी घेत नसेल तर हेच साध्या इंग्रजीत लिहा. अक्षरांची मर्यादा आडवी आली तर गावचा तपशील कापा, तो ठिकाणाच्या रकान्यात आलाच आहे. आदळण्याचं वाक्य मात्र कापू नका.

डावं-उजवं नीट सांभाळा. गाडीचं डावं म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यावर आपल्या डाव्या हाताची बाजू. माणूस गाडीसमोर उभा राहून फोटो काढतो आणि त्याला उजवीकडे दिसणारा हेडलॅम्प ‘उजवा’ म्हणून लिहितो. गॅरेजच्या इस्टिमेटमध्ये तोच भाग LH म्हणजे डावा असतो. एका शब्दाने चार दिवस जातात, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

आणखी एक. मागच्या महिन्यात पार्किंगमध्ये मागचा दरवाजा घासला होता, तो याच क्लेममध्ये ‘करून घेऊ’ असं म्हणू नका. पुढच्या धडकेत मागचा दरवाजा कसा घासला याचं उत्तर कोणाकडेच नसतं. ती वेगळी घटना, तिचा क्लेमही वेगळा.

## टप्पा ७: पोलीस नोंद

पहिला प्रश्न, नोंद लागते का? सोसायटीच्या खांबाला स्वतःची गाडी घासली तर सहसा नाही. कोणी जखमी झालं वा दगावलं, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, चोरी, जाळपोळ किंवा तोडफोड झाली, तर लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे दुसरी व्यक्ती जखमी झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर चालकाने शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना कळवायचं असतं. विमा कंपनीला पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, ठिकाण, जखमींची माहिती आणि चालकाच्या लायसन्सचा तपशील लेखी द्यायचा, हेही त्याच कलमात आहे. फॉर्ममधले बरेचसे रकाने म्हणजे हीच यादी.

आपल्या उदाहरणात ‘आमची एकट्याचीच गाडी’ म्हणून लोक ‘Third Party Property Damage’ पुढे No दाबतात. पण वाकलेला कठडा महामार्गाचा आहे, तुमचा नाही. तिथे Yes हवं, आणि म्हणून शिरवळ ठाण्यात नोंदही हवी.

ठाण्यातून मिळणारा कागद कोणता ते वाचा. दखलपात्र गुन्हा असेल तर एफ.आय.आर. होतो आणि त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. साध्या नुकसानीला बहुधा स्टेशन डायरीची नोंद मिळते. पोलीस जागेवर आले असतील तर घटनास्थळाचा पंचनामाही असतो. डायरी नोंद असेल तर ‘FIR No.’ च्या रकान्यात नुसता आकडा टाकू नका, नाहीतर त्या नंबरचा एफ.आय.आर. शोधायला कंपनी जाते आणि तो सापडत नाही. आधी `SD` लिहून नंबर टाका आणि शेऱ्याच्या जागी ‘स्टेशन डायरी नोंद’ असं स्पष्ट करा.

नोंदीवर दोन तारखा असतात, घटनेची आणि नोंदवल्याची. कुटुंब ठाण्यात १५ जूनला सकाळी दहा वाजता गेलं. पोलीस नोंदीच्या वेळेत दहा वाजता येईल, घटनेच्या वेळेत ००.२० च राहील.

तपासा: ठाण्यातून निघण्याआधी गाडीचा नंबर, चालकाचं नाव, तारीख आणि डावी बाजू, एवढं वाचून घ्या. तिथल्या तिथे दुरुस्ती मागता येते, आठवड्याने पुरवणी जबाब द्यावा लागतो.

पोलिसांकडे गेलाच नसाल तर No निवडा आणि कारण लिहा. रकाना अडवतोय म्हणून `0000` टाकू नका. पान पुढे जातं, क्लेम जात नाही.

## टप्पा ८: फोटो चढवणं

फोटो ज्या फोनने काढले त्याच फोनवरून चढवा. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली वेळेची नोंदही निघून जाते. पाठवायचाच असेल तर ‘Document’ म्हणून पाठवा. आयफोनचा फोटो `HEIC` प्रकारात असेल आणि फॉर्म तो घेत नसेल तर `JPG` करून घ्या. कापाकापी, उजेड वाढवणं, त्यावर लाल गोल काढणं, यातलं काहीही करू नका. क्रम मात्र तुम्ही ठरवा: आधी जागा, मग पूर्ण गाडी, मग नंबरप्लेटसह नुकसान, शेवटी क्लोजअप आणि किलोमीटर.

## टप्पा ९: सबमिट केल्यावर

सबमिट दाबण्याआधी पूर्ण फॉर्मचा स्क्रीनशॉट घ्या. क्लेम नंबर आला की तो सगळ्या पुढच्या पत्रव्यवहारात वापरा. चूक लक्षात आली तर दुसरा क्लेम टाकू नका. एकाच अपघाताचे दोन नंबर झाले की दोन्ही थांबतात. त्याच नंबरवर ईमेल करा: ‘तारीख १४ ऐवजी १५ जून वाचावी, घटना मध्यरात्रीनंतरची आहे, पोलीस नोंद सोबत जोडली आहे.’ स्वतःहून कळवलेली चूक आणि पकडली गेलेली चूक यांत फरक असतो.

सर्व्हेयर पाहून जाईपर्यंत गाडी उघडू देऊ नका. काही वेळा मोबाइलवरून व्हिडिओ पाहणीची लिंक येते, तेव्हा गाडी उजेडात उभी करा. बंपर काढल्यावर आतलं नुकसान दिसलं तर काम तिथेच थांबवून फोटो पाठवा, पुरवणी इस्टिमेट द्या आणि मंजुरीनंतरच पुढे जा. बदललेले जुने भाग शेवटची पाहणी होईपर्यंत गॅरेजने जपून ठेवायला हवेत, ते भंगारात गेले की बिलातली ती ओळ अडकते.

सर्व्हेचा अहवाल गेल्यानंतरही कंपनी गप्प बसली, तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला क्लेम नंबरसह ईमेल करा. तिथेही दाद लागली नाही तर नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवर, `bimabharosa.irdai.gov.in` वर तक्रार नोंदवा किंवा `155255` ला फोन करा. तक्रारीला जोडायचे कागद तेच: फॉर्मचा स्क्रीनशॉट, पोलीस नोंद, पहिल्या रात्रीचे फोटो आणि क्लेम नंबरवर झालेले सगळे ईमेल, तारखेच्या क्रमाने.